लवादाचा निवाडा विरोधात गेला, आता कोर्टात नेमकं काय मांडता येतं (आणि काय अजिबात येत नाही)

आर्बिट्रेशनमध्ये हरलेला माणूस वकिलाकडे येतो तेव्हा त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "साहेब, आर्बिट्रेटरने आमचा पुरावाच नीट बघितला नाही, कोर्टात सगळं परत मांडू." इथेच बहुतेक केसेस बिघडतात. लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली, म्हणजे निवाडा रद्द करून मागायच्या पिटिशनमध्ये, कोर्ट ते सगळं परत ऐकत नाही, आणि ऐकत नाही हे कळेपर्यंत दोन-तीन वर्षं गेलेली असतात, मधल्या काळात व्याज चढत असतं आणि डिपॉझिट कोर्टात अडकलेलं असतं. म्हणून पिटिशन टाकायची की नाही हे ठरवायच्या आधी काय काय तपासायचं ते एकाच उदाहरणावर नीट सांगतो. इथे फक्त भारतातल्या भारतात झालेल्या आर्बिट्रेशनबद्दल बोलतोय, म्हणजे १९९६ चा लवाद आणि सलोखा कायदा.

उदाहरण असं घेऊ. चाकणला तुमचा छोटा कारखाना आहे, तुम्ही एका कॉन्ट्रॅक्टरला १ कोटी ८० लाखांचं शेडचं काम दिलं, मुदत १० महिने, काम संपायला १६ महिने लागले. भांडण झालं, करारात आर्बिट्रेशनचा क्लॉज होता, सीट म्हणजे आर्बिट्रेशनचं कायदेशीर ठिकाण पुणे, एक आर्बिट्रेटर. निवाड्यात त्याने कॉन्ट्रॅक्टरला फायनल बिलाचे राहिलेले ३२ लाख दिले, सिमेंट-सळईच्या भाववाढीचे ११ लाख दिले, पाया खोदताना खडक लागला म्हणून एक्स्ट्रा आयटमचे ९ लाख दिले, आणि उशिराबद्दल तुम्ही लावलेला १८ लाखांचा दंडाचा काउंटरक्लेम फेटाळला. एकूण ५२ लाख अधिक व्याज. तुम्हाला हे चारही मुद्दे चुकीचे वाटतात. चारही घेऊन कोर्टात जावं का?

आधी तारीख, मग बाकी सगळं

निवाड्याची सही केलेली प्रत तुमच्या हातात कधी आली ती तारीख शोधा. निवाड्यावरची तारीख नाही, आणि वकिलाला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला ती तारीखही नाही. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये महाराष्ट्र शासन विरुद्ध आर्क बिल्डर्स या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की आर्बिट्रेटरने सही केलेली प्रत पक्षकाराला दिली की तिथून मुदत मोजायची. त्यामुळे पाकीट, पोचपावती, ज्या ईमेलला निवाडा जोडला होता तो ईमेल, सगळं जपून ठेवा.

मुदत तीन महिने. ९० दिवस नाही, कॅलेंडरचे तीन महिने, आणि प्रत मिळाली तो दिवस धरायचा नाही. म्हणजे १० जूनला प्रत मिळाली तर १० सप्टेंबरपर्यंत. त्यानंतर खरंच पटण्यासारखं कारण असेल तर कोर्ट अजून ३० दिवस देऊ शकतं, म्हणजे आपल्या उदाहरणात १० ऑक्टोबर, आणि त्यापुढे एकही दिवस नाही. कायद्यात "त्यानंतर नाही" असे शब्दच आहेत आणि २००१ च्या पॉप्युलर कन्स्ट्रक्शनच्या निकालापासून हे पक्कं आहे की इतर ठिकाणी चालतो तसा उशीर माफीचा अर्ज इथे चालत नाही. सुट्टीच्या भरवशावरही राहू नका. आसाममधल्या एका केसमध्ये वाढीव ३० दिवस डिसेंबर २००३ च्या सुट्टीत संपले, पिटिशन कोर्ट उघडल्यावर २ जानेवारीला दाखल झाली, आणि २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती मुदतबाह्यच ठरवली. मूळ तीन महिन्यांचा शेवटचा दिवस सुट्टीचा असला तर कोर्ट उघडल्याच्या दिवशी चालतं, पण वाढीव ३० दिवसांना ती सवलत नाही.

अजून एक गोष्ट याच काळात करायची असते. निवाड्यात बेरीज चुकली असेल, टायपिंगची चूक असेल, किंवा तुम्ही मांडलेला एखादा क्लेम आर्बिट्रेटरने हातच लावला नाही असं झालं असेल, तर कलम ३३ खाली ३० दिवसांत त्याच्याकडेच अर्ज करता येतो, आणि असा अर्ज केला की तीन महिने त्याच्या निकालापासून मोजतात. पण कलम ३३ च्या नावाखाली "तुमचा निर्णय परत तपासा" असा अर्ज दिलात तर तो कलम ३३ चा अर्जच नाही असं कोर्ट म्हणू शकतं, आणि मग मुदत वाढत नाही, मूळ तारखेपासूनच मोजली जाते. त्यामुळे कलम ३३ चा अर्ज चालू असला तरी मूळ तारीख डोळ्यासमोर ठेवून पिटिशनचा कच्चा मसुदा तयार ठेवलेला बरा.

कोर्ट परत का ऐकत नाही

हे समजून घेतलं की कोणता मुद्दा टिकेल याचा अंदाज आपोआप यायला लागतो. तुम्ही दोघांनी करारातच ठरवलं होतं की तथ्य काय आणि कराराचा अर्थ काय हे हा माणूस ठरवेल. आर्बिट्रेटर हा पुराव्याचा शेवटचा न्यायाधीश. साक्षीदार खरा की खोटा, मोजमाप कुणाचं बरोबर, हे त्याने ठरवलं की विषय संपतो, कोर्टाचं मत वेगळं असलं तरी. कलम ३४ मधली पिटिशन हे अपील नाहीच.

जुन्या १९४० च्या कायद्यात निवाडा आधी कोर्टात न्यावा लागायचा आणि कोर्टाने त्यावर डिक्री केली की मगच वसुली, त्यामुळे प्रत्येक निवाड्याची कोर्टात वर्षानुवर्षं फरफट व्हायची. १९९६ च्या कायद्याने ते उलटं केलं, निवाडा स्वतःच डिक्रीसारखा अंमलात येतो आणि कोर्टाने कमीत कमी हात घालायचा, हे कलम ५ मध्ये लिहूनच ठेवलं. मध्ये २००३ मध्ये ओएनजीसी विरुद्ध सॉ पाइप्स आणि २०१४ मध्ये वेस्टर्न जिको या निकालांनी दार बरंच उघडलं होतं, लोक "पब्लिक पॉलिसी"च्या नावाखाली सगळंच आत ढकलायला लागले. २०१५ च्या दुरुस्तीने ते परत आवळलं आणि कायद्यातच लिहिलं की पब्लिक पॉलिसी तपासताना वादाच्या गुणदोषांची फेरतपासणी करायची नाही, आणि नुसता कायदा चुकीचा लावला किंवा पुराव्याचं वजन वेगळं धरायला हवं होतं म्हणून निवाडा रद्द करायचा नाही. म्हणजे "आर्बिट्रेटर चुकला" हे पुरेसं नाही. तो *कसा* चुकला हे दाखवावं लागतं.

मग काय चालतं

कलम ३४ मधली कारणं दोन गटांत येतात. पहिला गट प्रक्रियेचा आणि अधिकाराचा: करारच वैध नव्हता, पक्षकार करार करायला सक्षम नव्हता, नोटीस मिळाली नाही किंवा बाजू मांडता आली नाही, करारात जे सोपवलंच नव्हतं त्यावर निकाल दिला, किंवा आर्बिट्रेटरची नेमणूक वा कामकाज ठरल्याप्रमाणे झालं नाही. हे तुम्हाला आर्बिट्रेशनच्या रेकॉर्डवरूनच दाखवायचं असतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर इथे नवे साक्षीदार, नवी कागदपत्रं असं साधारणपणे चालत नाही. दुसऱ्या गटात वाद लवादाकडे नेता येण्यासारखाच नसणं आणि पब्लिक पॉलिसी येते, म्हणजे फसवणूक किंवा भ्रष्टाचारातून आलेला निवाडा, भारतीय कायद्याच्या मूलभूत धोरणाच्या विरोधातला निवाडा, किंवा न्यायाच्या अगदी प्राथमिक कल्पनेला धक्का देणारा निवाडा. याशिवाय देशांतर्गत निवाड्यांसाठी कलम ३४(२अ) मधलं "उघड बेकायदेशीरपणा" हे कारण आहे, आणि बहुतेक भांडण प्रत्यक्षात याच्याभोवती होतं. उघड म्हणजे निवाड्याच्या कागदावरच दिसणारा, खोदून शोधावा न लागणारा, आणि मुळाशी जाणारा.

२०१९ च्या सांग्याँग विरुद्ध एनएचएआय या निकालाने याची चौकट नीट आखून दिलीय. आर्बिट्रेटरने कारणंच दिली नाहीत, कराराचा असा अर्थ लावला की कुठलाही समंजस माणूस लावणार नाही, कराराबाहेर गेला, पुराव्याशिवाय निष्कर्ष काढला, किंवा महत्त्वाचा पुरावा पूर्ण डावलला, तर उघड बेकायदेशीरपणा. अर्थ शक्य आहे पण आपल्याला पटत नाही, तर नाही.

आता आपले चार मुद्दे

निवाडा घेऊन बसा, प्रत्येक रकमेसमोर परिच्छेद क्रमांक लिहा, आणि प्रत्येक ठिकाणी विचारा: त्याने हे कशावरून म्हटलं, ते रेकॉर्डवर आहे का, आणि करारातल्या कुठल्या क्लॉजचा आधार घेतला?

फायनल बिलाचे ३२ लाख. तुमच्या साइट इंजिनिअरने साक्षीत सांगितलं की मेजरमेंट बुकातली मापं जास्त आहेत, उलटतपासणीत त्याने कबूल केलं की त्या पानांवर त्याच्याच सह्या आहेत, आर्बिट्रेटरने बुक धरलं. इथे काहीही होणार नाही. हा मुद्दा पिटिशनमध्ये चाळीस पानं घालून मांडला तरी जज पहिल्याच तारखेला विचारणार की हे पुराव्याचं फेरमूल्यमापन नाही तर काय. उलट असे मुद्दे भरले की चांगला मुद्दा त्यात बुडतो. सोडून द्या.

दंडाचा काउंटरक्लेम. आर्बिट्रेटरने लिहिलंय की ड्रॉइंग तुम्ही पाच महिने उशिरा दिलं म्हणून उशीर कॉन्ट्रॅक्टरचा नाही. तथ्याचा निष्कर्ष, ड्रॉइंग पाठवल्याच्या पत्राची तारीख रेकॉर्डवर आहे, संपलं. हाच काउंटरक्लेम त्याने निवाड्यात नुसता "फेटाळला" असं एका ओळीत लिहून टाकला असता, कारण शून्य, तर मात्र गोष्ट वेगळी. कारणं देणं कलम ३१(३) खाली बंधनकारक आहे, पक्षकारांनीच कारणं नकोत असं ठरवलं असेल तर सोडून.

भाववाढीचे ११ लाख. हा खरा विचार करायचा मुद्दा आहे आणि इथे एक एक वाक्य महत्त्वाचं. समजा करारातला क्लॉज १४ म्हणतो की दर पक्के आहेत, कुठल्याही कारणाने भाववाढ मिळणार नाही. निवाड्यात आर्बिट्रेटरने लिहिलं, "क्लॉज १४ मूळ १० महिन्यांसाठी आहे, पुढचे सहा महिने मालकाच्या चुकीमुळे गेले, त्या काळाला हा क्लॉज लागू होत नाही, म्हणून त्या काळातल्या खरेदीचा फरक देतो." तुम्हाला पटो न पटो, हा कराराचा एक शक्य अर्थ आहे, आणि करार वाचायचं काम त्याचंच आहे. मुद्दा जवळपास हरलेला. पण निवाड्यात क्लॉज १४ चा उल्लेखच नाही, तुम्ही लेखी युक्तिवादात तो मांडलेला असूनही, आणि आर्बिट्रेटरने फक्त लिहिलंय की "बाजारात भाव वाढले हे सर्वांना माहीत आहे, न्यायाच्या दृष्टीने ११ लाख योग्य", तर त्याने करार बाजूला ठेवून स्वतःच्या मनाने न्याय केला. कलम २८(३) त्याला कराराच्या अटी विचारात घ्यायला सांगतं, आणि दोन्ही पक्षांनी स्पष्टपणे अधिकार दिल्याशिवाय त्याला नुसतं "न्याय्य वाटलं" म्हणून निकाल देता येत नाही. इथे कोर्ट हात घालू शकतं. रक्कम तीच, क्लॉजही तोच, पण मुद्दा टिकेल की नाही हे निवाड्यातल्या त्या दोन-तीन वाक्यांवर ठरतं. म्हणून निवाडा ओळ न ओळ वाचा म्हणतो.

खडकाचे ९ लाख. निवाड्यात लिहिलंय, "मी माझ्या परिचयाच्या एका अनुभवी इंजिनिअरकडून मत घेतलं, त्यानुसार खडकाचं प्रमाण एवढं धरतो." ते मत तुम्हाला दाखवलं नाही, उलटतपासणी नाही, त्यावर बोलायची संधी नाही. हा तुमचा सगळ्यात मजबूत मुद्दा, आणि लक्षात घ्या, इथे कोर्ट खडक किती होता हे बघणारच नाही, फक्त हे बघेल की पक्षकारांच्या पाठीमागे साहित्य गोळा करून त्यावर निकाल दिला का. सांग्याँगमध्येही बहुमताच्या निवाड्याने रेकॉर्डवर नसलेल्या सरकारी गाइडलाइन्स वापरल्या होत्या आणि बाजू मांडता आली नाही हे कारण त्यात मान्य झालं.

अजून एक तपासून घ्या. नेमणूक किंवा प्रक्रियेबद्दल तुम्हाला त्याच वेळी आक्षेप असूनही तुम्ही गप्प राहिलात का? कलम ४ प्रमाणे माहीत असून हरकत न घेता पुढे चालत राहिलात तर हक्क सोडल्यासारखं होतं. खडकाचं मत तर तुम्हाला निवाडा वाचल्यावरच कळलं, तिथे हा प्रश्न येत नाही, पण पिटिशनमध्ये "हे आम्हाला आधी माहीत नव्हतं" असं स्पष्ट लिहा.

पिटिशन कुठे आणि कशी

सीट पुणे, बांधकामाचा करार म्हणजे कमर्शिअल वाद, रक्कम ३ लाखांच्या वर, म्हणजे पुण्याच्या जिल्हा पातळीवरच्या कमर्शिअल कोर्टात. आधी समोरच्याला नोटीस द्या आणि दिल्याचं शपथपत्र जोडा, कलम ३४(५) तसं सांगतं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये ही अट सक्तीची नाही असं म्हटलंय खरं, पण त्यावर वाद ओढवून घेण्यात काही अर्थ नाही.

लिहिताना प्रत्येक ग्राउंडमध्ये तीन गोष्टी एकत्र द्या: कलम ३४ चं नेमकं कोणतं पोटकलम, निवाड्याचा कोणता परिच्छेद, आणि रेकॉर्डचं कोणतं पान. "निवाडा कायद्याच्या विरुद्ध आणि न्यायाला धरून नाही" असली वाक्यं नकोत. आपल्या केसमध्ये दोनच ग्राउंड, खडक आणि (निवाड्यात क्लॉज १४ नसेल तर) भाववाढ. बारा-पंधरा पानांत बसतं.

आणि स्टे. बरेच लोक समजतात की पिटिशन टाकली की वसुली थांबते. २०१५ आधी तसं होतं, आता नाही. कलम ३६ खाली स्टेचा वेगळा अर्ज लागतो, आणि पैशाच्या निवाड्यात कोर्ट साधारणपणे मोठी रक्कम, बऱ्याचदा पूर्ण रक्कम व्याजासकट जमा करायला लावतं. निवाडा फसवणुकीतून किंवा भ्रष्टाचारातून आला असं प्रथमदर्शनी दिसलं तरच विनाअट स्टेची तरतूद आहे. कॉन्ट्रॅक्टर लघुउद्योग म्हणून नोंदलेला असेल आणि निवाडा लघुउद्योगांच्या एमएसएमई कायद्याखालच्या फॅसिलिटेशन कौन्सिलच्या मार्गाने आलेला असेल तर ७५ टक्के आधी भरल्याशिवाय पिटिशन ऐकलीच जात नाही. ५२ लाखांवर ते ३९ लाख होतात, ही सोय आधी बघा.

जिंकलात तर काय हातात येतं

इथे बऱ्याच लोकांचा गैरसमज असतो. कोर्ट निवाडा रद्द करू शकतं, पण स्वतः नवा निवाडा लिहून देत नाही. २०२१ च्या एम. हकीम केसमध्ये सुप्रीम कोर्टाने बदल करायचा अधिकारच नाही असं म्हटलं होतं, मग ३० एप्रिल २०२५ ला गायत्री बालसामी केसमध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला की मर्यादित अधिकार आहे, म्हणजे वाईट भाग चांगल्यापासून वेगळा काढता येत असेल तर काढणं, हिशोबाची किंवा टायपिंगची चूक सुधारणं, निवाड्यानंतरच्या व्याजात काही बाबतीत बदल. पण गुणदोषात शिरून रक्कम ठरवणं त्यातही नाही.

म्हणून आपल्या हिशोबात खडकाचे ९ लाख वेगळे काढता आले तर ५२ चे ४३ होतात, भाववाढही गेली तर ३२. आणि ते ९ लाखही कायमचे मिटले असं नाही, कॉन्ट्रॅक्टर त्यावर नवीन आर्बिट्रेशन सुरू करू शकतो, आणि आधीच्या आर्बिट्रेशनच्या सुरुवातीपासून रद्द होण्याच्या आदेशापर्यंतचा काळ त्याच्या मुदतीतून वगळतात (कलम ४३). समोरच्याकडे खडकाचे फोटो आणि साइट रजिस्टर असेल तर तो परत येणारच.

दिल्ली मेट्रो आणि एअरपोर्ट एक्सप्रेसची केस बघितली की हा खेळ किती लांबू शकतो ते दिसतं. सुमारे २७८२ कोटींचा निवाडा मे २०१७ चा. हायकोर्टाच्या एका जजने कायम ठेवला, दोन जजच्या डिव्हिजन बेंचने २०१९ मध्ये बराचसा रद्द केला, सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये परत कायम केला आणि एप्रिल २०२४ मध्ये क्युरेटिव्ह पिटिशनमध्ये, म्हणजे सुप्रीम कोर्टाच्या अंतिम निकालानंतरच्या अगदी शेवटच्या अर्जात, तो पुन्हा रद्द झाला, कारण मेट्रो सुरक्षा आयुक्तांच्या प्रमाणपत्रासारखा महत्त्वाचा पुरावा डावलला गेला होता. हे अपवाद आहे, क्युरेटिव्हचा मार्ग जवळजवळ कुणालाच मिळत नाही, पण "महत्त्वाचा पुरावा डावलला" आणि "पुराव्याचं वजन वेगळं धरलं" यातली रेषा किती बारीक असते ते यातून कळतं, एकाच निवाड्यावर मोठमोठ्या न्यायाधीशांची मतं वेगळी पडली.

तुमच्या बाजूने निकाल गेला नाही तर पुढे कलम ३७ खाली हायकोर्टात अपील आहे, कमर्शिअल वादात मुदत ६० दिवस. तिथे तर कलम ३४ च्या कोर्टापेक्षाही कमी बघतात, त्यामुळे जो मुद्दा कलम ३४ मध्ये घेतलाच नाही तो तिथे नव्याने उभा करायला जाऊ नका, आणि २०२१ च्या बोर्से ब्रदर्स निकालानंतर उशीर झाला तर माफी फारच क्वचित मिळते.

म्हणून वकिलाकडे जाताना सोबत हे न्या: सही केलेल्या निवाड्याची प्रत आणि ती मिळाल्याचा पुरावा, संपूर्ण करार, क्लेम, जबाब आणि लेखी युक्तिवाद, सगळ्या सुनावण्यांचे रोजनामे, आणि प्रत्येक रकमेसमोर परिच्छेद क्रमांक लिहिलेला तुमचा कागद. त्यावर दोन तास बसून सरळ विचारा, चारपैकी कुठले मुद्दे सोडायचे. ९ आणि ११ लाखांचे दोन मुद्दे लढवायचे आणि ३२ लाख व्याज चढण्याआधी भरून टाकायचे, हाही एक पर्याय आहे, आणि समोरच्याला असा प्रस्ताव दिला तर बऱ्याचदा तोही कलम ३४ च्या रांगेत उभं राहायला उत्सुक नसतो.